लग्नाचं शूट घेताय? बुकिंगआधी जोडप्याला द्यायचं पत्र असं लिहा

सुरुवातीच्या दिवसांत मी एका जोडप्याला सांगितलं होतं, ‘साधारण दोन महिन्यांत व्हिडिओ मिळेल.’ त्यांनी दोन महिने लग्नाच्या दिवसापासून मोजले. मी मोजले ते गाणी आणि नावांची यादी हातात आल्यापासून, आणि ती आली पाच आठवड्यांनी. एकसष्टाव्या दिवशी फोन आला तेव्हा माझ्या मते मी वेळेत होते आणि त्यांच्या मते मी त्यांना फसवलं होतं. खोटं कोणीच बोलत नव्हतं. फक्त मोजायला कधीपासून लागायचं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तेव्हापासून बुकिंगचा ॲडव्हान्स घेण्याआधी मी दीड पानाचं एक पत्र पाठवते. त्यात तीनच गोष्टी असतात: व्हिडिओ कधी मिळेल, रॉ फुटेजचं काय, आणि जादा पैसे कशाचे लागतील. एकट्याने किंवा एखाद्या मदतनिसाला घेऊन काम करणाऱ्या नवीन लोकांसाठी ते पत्र कसं तयार करायचं, ते इथे क्रमाने सांगते. सगळा हिशेब एकाच कामावर मांडते: १० तासांचं शूट, दोन कॅमेरे, आणि द्यायला ५० मिनिटांची पूर्ण फिल्म व ५ मिनिटांचं हायलाइट.

पायरी १: पत्राला हात लावण्याआधी स्वतःचे तास मोजा

दुसऱ्याने तीन महिने सांगितले म्हणून आपणही तीन महिने सांगायचे, हे करू नका. तुमचा आकडा तुमच्या टेबलावरूनच निघतो. मागची दोन-तीन कामं आठवा आणि प्रत्येक टप्प्याला खरोखर किती तास लागले ते लिहून काढा. माझ्या या कामाचे तास असे पडतात. कार्डं उतरवणं, बॅकअप आणि आवाज सिंक करणं यात ४. दोन्ही कॅमेऱ्यांचं मिळून ८ तासांचं फुटेज असतं, ते थांबत-थांबत बघून निवडायला १०. पूर्ण फिल्म लावायला १४, हायलाइटला १२, कलरला ७, आवाज स्वच्छ करायला ५. शेवटी एक्सपोर्ट करून सगळं डोळ्यांखालून घालायला आणि अपलोड करायला ४. एकूण ५६ तास.

पाच मिनिटांच्या हायलाइटला १२ तास आणि पन्नास मिनिटांच्या फिल्मला १४, हे नवीन माणसाला उलटं वाटतं. पण पूर्ण फिल्म घटनांच्या क्रमाने जाते, तिथे क्रमाचा विचार करावा लागत नाही. हायलाइटमध्ये शंभराहून जास्त कट असतात आणि प्रत्येक कट गाण्याच्या ठेक्यावर बसवावा लागतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, जादा पैशांच्या वेळी तो परत येणार आहे.

आता आठवड्याला एडिटिंगचे किती तास हाताशी असतात ते बघा. लग्नसराईत दोन दिवस शूटमध्ये जातात. एक दिवस भेटीगाठी, बिलं आणि बॅटऱ्या-कार्डांची साफसफाई यात जातो. उरलेल्या चार दिवसांत एकाग्रतेने पाच-पाच तास धरा, म्हणजे २०. दिवसाला दहा तास एडिट करू असं वाटतं खरं, पण सहाव्या तासानंतर कलर करताना मला सगळ्यांचे चेहरे सारखेच दिसायला लागतात. ५६ भागिले २०, म्हणजे एका लग्नाला जवळजवळ २.८ आठवडे.

या जोडप्याच्या आधी रांगेत तीन लग्नं असतील तर त्यांचे ८.४ आठवडे, वर यांचे २.८, मिळून ११.२. आजारपण, बिघडलेली डिस्क आणि मागच्या जोडप्याच्या दुरुस्त्या यांसाठी मी पाचवा हिस्सा वर धरते. साडेतेरा होतात, पत्रात १४ लिहिते. रांग आजची बघू नका. लग्नाच्या तारखेला रांगेत किती कामं उभी असतील ते बघा.

पायरी २: आठवडे लिहू नका, तारीख लिहा

१४ आठवडे म्हटलं की वाचणारा मनातल्या मनात त्याचे तीन महिने करतो. म्हणून कॅलेंडरवरची तारीख टाका आणि तिच्या आधी, त्यांच्याकडून काय हवं आहे, त्याचीही तारीख टाका. माझ्या पत्रातला हा भाग असा असतो:

> तुमचं लग्न १० जानेवारीला आहे. पूर्ण फिल्म आणि हायलाइट यांचा पहिला कट १८ एप्रिलपर्यंत तुमच्या हाती देईन. त्यासाठी २४ जानेवारीपर्यंत मला तीन गोष्टी लागतील: हायलाइटसाठी गाण्याची पसंती, पडद्यावर यायच्या नावांची अचूक स्पेलिंग, आणि ज्यांचे क्षण काहीही झालं तरी यायलाच हवेत अशा माणसांची फोटोसकट यादी. या गोष्टी उशिरा आल्या तर जितके दिवस उशीर, तितके दिवस कटही पुढे जाईल. उशीर तीन आठवड्यांहून जास्त झाला तर तुमची जागा रांगेच्या शेवटी जाते, आणि नवी तारीख मी तुम्हाला लेखी कळवीन.
>
> पहिला कट बघून १४ दिवसांत तुमच्या दुरुस्त्या एकाच यादीत पाठवा. प्रत्येकीसमोर मिनिट-सेकंद लिहा. अशा दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या ठरलेल्या रकमेतच आहेत. यादी मिळाल्यापासून १० दिवसांत दुरुस्त केलेला व्हिडिओ देईन.

इथे ‘पहिला कट’ या शब्दावर सगळं अवलंबून आहे. नुसतं ‘व्हिडिओ’ लिहिलंत तर जोडपं १८ एप्रिलला अंतिम व्हिडिओची वाट बघत बसेल आणि तुम्ही दुरुस्त्यांची. ‘एकाच यादीत’ हेही मुद्दाम लिहिलं आहे. नवरा-नवरीने वेगवेगळ्या याद्या पाठवल्या की एक म्हणतो काकांचं भाषण छोटं करा, दुसरी म्हणते ते पूर्ण ठेवा, आणि मधे आपण. दोघांनी आपसांत ठरवून एक यादी द्यायची, हे आधी लिहिलेलं असलं की पुढे कुणाची बाजू घ्यायची वेळ येत नाही.

फोटोसकट यादी का मागते, तर ‘माझी मावशी’ म्हणजे कोण, हे तीनशे माणसांत मला कळत नाही.

चौदा आठवडे हा काळ वाट बघणाऱ्याला फार मोठा असतो, म्हणून मी दहा दिवसांत अर्ध्या मिनिटाचा एक टीझर देते. त्याला तीनेक तास लागतात. पण पत्रात तो लिहायचा असेल तर ते तीन तास तुमच्या हिशेबात धरलेले असू द्या. लिहून न देता दिलात तर तो भेट ठरतो, लिहून चुकवलात तर तक्रार.

पायरी ३: रॉ मागताहेत म्हणजे नेमकं काय मागताहेत, ते आधी विचारा

या विषयावर नवीन लोक दोन टोकांना जातात. कोणी ‘रॉ देत नाही’ एवढंच लिहून मोकळा होतो, कोणी मागितल्याबरोबर डिस्क भरून देतो. मी दुसऱ्या टोकाला होते. एका जोडप्याला सगळी कार्डं जशीच्या तशी कॉपी करून दिली. चार दिवसांनी नवरदेवाच्या भावाचा फोन: ‘सगळा व्हिडिओ फिकट राखाडी आहे, भाषणांना आवाज नाही, अर्ध्या फाइल्स कॉम्प्युटरवर अडकत चालतात. शूट बिघडलंय का?’

शूट ठीक होतं. कॅमेरा लॉग प्रोफाइलवर होता. त्यात अंधार आणि उजेड दोन्हीकडचे तपशील टिकावेत म्हणून चित्र मुद्दाम फिकट नोंदलं जातं, आणि रंग एडिटमध्ये भरले जातात. भाषणांचा चांगला आवाज कॅमेऱ्यात नव्हताच, तो खिशातल्या वेगळ्या रेकॉर्डरवर होता. कॅमेऱ्यातला आवाज फक्त सिंक जुळवण्यापुरता, लांबून आलेला आणि घुमणारा. आणि १० बिटची दाट दाबलेली फाइल घरातल्या जुन्या कॉम्प्युटरला झेपत नाही. हे सगळं मला माहीत होतं, पण त्यांना सांगायला मी विसरले होते.

त्यानंतर मी मागणाऱ्याला एकच प्रश्न विचारते: ‘रॉमध्ये तुम्हाला काय बघायचं आहे?’ बहुतेक वेळा उत्तर येतं की आजी काय बोलली ते पूर्ण ऐकायचंय, किंवा समारंभ कट न मारता सलग बघायचाय. म्हणजे त्यांना C0001.MP4 पासून सुरू होणाऱ्या सहाशे फाइल्स नको असतात. त्यांना हवा असतो सलग समारंभ: एक-दोन कोन, रेकॉर्डरचा स्वच्छ आवाज आणि साधा नैसर्गिक रंग. हे काम चार-पाच तासांत होतं आणि जोडपं ते खरंच बघतं. म्हणून पत्रात मी रॉच्या आधी त्याचा पर्याय देते.

तरीही कुणाला रॉ हवंच असेल तर द्यावं, असं माझं मत आहे. त्यांच्या आयुष्यातला दिवस आहे, आणि ‘वाईट शॉट लोकांनी बघितले तर माझं नाव खराब होईल’ हे कारण मला पटत नाही. मात्र एका गोष्टीवर मी अडून राहते, ती म्हणजे आवाज. नवरदेवाच्या कोटाला लावलेला माइक सकाळपासून चालू असतो. कपडे बदलताना मित्रांशी झालेल्या गप्पा, सासरच्या माणसांबद्दल हळूच काढलेले उद्गार, एखाद्या नातेवाइकाचं पैशांवरून झालेलं बोलणं, सगळं त्यात उतरतं. ती फाइल पूर्ण कुटुंबाच्या हाती गेली तर काय होईल याचा विचार करा. मी फक्त समारंभ आणि भाषणांपुरता आवाज कापून देते, बाकीचा पुसते. हे पत्रात उघड लिहिते, म्हणजे कुणाला लपवाछपवी वाटत नाही.

आता रॉची किंमत कशी ठरवायची. साधारण १०० मेगाबिट प्रति सेकंद दराने ४के शूट केलं तर एका तासाचे ४५ जीबी होतात, म्हणजे ८ तासांचे ३६०. साध्या फिरत्या हार्ड डिस्कवर सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वेग मिळतो. कॉपीला तासभर लागतो आणि प्रत बरोबर उतरली की नाही हे ताडून बघायला आणखी तासभर. फोल्डर लावणं, आवाज कापणं आणि कोणती फाइल कशाची याची चिठ्ठी लिहिणं यात अजून एक तास. म्हणजे तीन तासांची मजुरी लावा, डिस्क त्यांची. एवढंच. रॉवर मोठी रक्कम लावून लोकांना परावृत्त करणं मला आवडत नाही. द्यायचं नसेल तर सरळ नाही म्हणा.

पत्रातला मजकूर असा:

> रॉ फुटेज म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या, न कापलेल्या आणि रंग न भरलेल्या फाइल्स. त्या फिकट दिसतात, भाषणांचा चांगला आवाज त्यांत नसतो आणि काही फाइल्स साध्या कॉम्प्युटरवर किंवा टीव्हीवर चालणार नाहीत. तुम्हाला समारंभ पूर्ण बघायचा असेल तर त्याऐवजी ‘सलग समारंभ’ घ्या, असं मी सुचवीन.
>
> तरीही रॉ हवं असेल तर अंतिम व्हिडिओ मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत कळवा आणि किमान ५०० जीबीची नवी, रिकामी हार्ड डिस्क द्या. आवाजाच्या वेगळ्या फाइल्स समारंभ आणि भाषणांपुरत्याच मिळतील, कारण बाकीच्या वेळात माइकवर खासगी बोलणं नोंदलं जातं. लग्नाच्या रात्रीच मी सगळ्या फुटेजच्या दोन वेगवेगळ्या डिस्कवर प्रती करते, त्याआधी कार्ड रिकामं करत नाही. ९० दिवसांनंतर रॉ पुसलं जाईल. पुसण्याच्या आठवडाभर आधी मी तुम्हाला एक मेसेज करीन.

डिस्क हातात आली की ती आधी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. ती विंडोज आणि मॅक दोन्हीवर उघडते. फॅट३२ असेल तर ४ जीबीहून मोठी एक फाइलही त्यावर जाणार नाही, आणि भाषणाची सलग फाइल सहज त्याहून मोठी असते. कॉपी अर्ध्यावर अडली आणि डिस्कवर जागा भरपूर दिसत असेल, तर बहुतेक वेळा कारण हेच.

फुटेजचा मालक कोण, तेही एका ओळीत लिहा. कायदा देशोदेशी वेगळा आहे. काही ठिकाणी, करारात वेगळं काही लिहिलं नसेल, तर पैसे देऊन काम करवून घेणाराच मालक ठरतो. आपल्याला कामाचे नमुने दाखवण्यासाठी काही क्षण वापरायचे असतील तर ती परवानगी मागून घ्यावी, गृहीत धरू नये.

पायरी ४: जादा पैसे कशाचे, आणि ‘हो’ कोण म्हणणार

जादा आकारांची लांबलचक यादी देऊ नका. यादी लांब झाली की वाचणाऱ्याला वाटतं, मूळ रक्कम मुद्दाम कमी सांगितली आहे. प्रवास आणि मुक्काम मूळ रकमेतच धरा किंवा आकडा टाकून मोकळे व्हा. भांडणं मुळात दोन जागी होतात: वेळ लांबणं आणि गाणं बदलणं.

वेळ लांबण्याचा हिशेब नवीन माणूस चुकवतो. दहा तासांच्या रकमेला दहाने भागतो आणि तोच एका तासाचा दर सांगतो. पण आपल्या उदाहरणात दहा तासांच्या शूटमागे ५६ तासांचं एडिटिंग आहे. म्हणजे मांडवात वाढलेला प्रत्येक तास टेबलावर साडेपाच तास घेऊन येतो. सगळा जादा तास तितकाच दाट नसतो, शेवटी नाचच जास्त असतो, म्हणून मी चार तास धरते. जादा तासाचा दर म्हणजे दोघांचा शूटचा एक तास अधिक एडिटचे चार. आकडा मोठा दिसतो, म्हणून तो आधी लेखी असायला हवा.

दुसरी अडचण अशी की वेळ संपते तेव्हा नवरा-नवरी नाचत असतात. त्यांना बाजूला घेऊन पैशांचं विचारायचं कसं? आणि न विचारता थांबलात तर बिल मागायचं कसं? यावर माझा उपाय म्हणजे पत्रात एका माणसाचं नाव लिहून घ्यायचं.

> ठरलेली वेळ संपल्यावर पहिली १५ मिनिटं मी काही आकारत नाही. त्यापुढे दर अर्ध्या तासाला ______ लागतील. वेळ संपायच्या अर्धा तास आधी मी ______ यांना मेसेज करून विचारीन. त्यांचा लेखी होकार आला तरच थांबेन, नाहीतर सामान आवरेन. तुम्हा दोघांना त्या दिवशी याबद्दल कोणी विचारणार नाही.

रिकाम्या जागी बहीण, मित्र, कोणीही चालेल. फक्त त्या माणसाला हे पद आपल्याला मिळालंय हे आधी कळवा. एकदा ज्यांचं नाव होतं त्या काकांना काहीच माहीत नव्हतं. माझा मेसेज त्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारी वाचला.

आता गाणं. जोडप्याला वाटतं की गाणं बदलणं म्हणजे खालची पट्टी काढून दुसरी ठेवणं. पण कट जुन्या गाण्याच्या ठेक्यावर बसलेले असतात. नवीन गाण्याचा वेग वेगळा, चढ वेगळ्या जागी, लांबी वेगळी. जुने कट तसेच ठेवून नवं गाणं लावून बघा, दहाव्या सेकंदाला कळतं की चित्र आणि सूर एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत. हायलाइटच्या १२ तासांपैकी निवड आधीच झालेली असते म्हणून दोन-तीन वाचतात, नऊ तास नव्याने जातात. म्हणून पत्रात लिहा:

> पहिला कट मिळाल्यानंतर हायलाइटचं गाणं बदललं तर ती दुरुस्ती न धरता नवं एडिट धरलं जाईल. त्याचे ______ लागतील आणि तीन आठवडे वाढतील. म्हणून एडिट सुरू करण्याआधी मी तुम्हाला गाण्याचा नेमका दीड-दोन मिनिटांचा भाग ऐकायला पाठवीन. तुमचा होकार आल्यावरच काम सुरू करीन.

शेवटची दोन वाक्यं विसरू नका. त्यांच्यामुळे बहुतेक वेळा हा आकार लावायची पाळीच येत नाही. गाण्याच्या वापराचे हक्क ही आणखी वेगळी बाब आहे. लोकप्रिय गाणं लावलेला व्हिडिओ सोशल मीडियावर टाकला की आवाज बंद होऊ शकतो किंवा व्हिडिओच काढला जाऊ शकतो, एवढं एका ओळीत सांगून ठेवा.

बाकीचे आकार दोन वाक्यांत मावतात: दोन फेऱ्यांनंतरच्या दुरुस्त्या तासाच्या दराने; आणि ९० दिवसांनी बंद झालेली डाउनलोड लिंक पुन्हा हवी असेल तर, अंतिम फाइल माझ्याकडे शिल्लक असल्यास, एक ठरावीक रक्कम. घाईच्या कामाचा दर मी पत्रात ठेवतच नाही. कुणाला लवकर द्यायचं म्हणजे रांगेतल्या दुसऱ्या कुणाची तरी लेखी दिलेली तारीख मोडायची.

पायरी ५: पत्र कधी आणि कसं पाठवायचं

ॲडव्हान्सच्या आधी. पैसे घेतल्यावर आलेल्या अटी वाचताना माणूस आधीच सावध झालेला असतो. ईमेलने पीडीएफ पाठवा आणि सोबत फोनवर दोन मिनिटं बोला: १८ एप्रिल, ९० दिवस, आणि मांडवात होकार देणारा माणूस कोण. सुरुवात ‘सप्रेम नमस्कार’ने करा, अटी-शर्तींच्या भाषेने नको. ‘कंपनी जबाबदार राहणार नाही’ असं एकट्या माणसाने लिहिलं की हसू येतं. ‘मी’ लिहा, कारण काम करणारे तुम्हीच आहात.

उत्तरात नुसतं ‘ओके’ आलं तर त्यांनी पत्र वाचलेलं नाही असं समजा. अशा वेळी मी रिकाम्या जागेतलं नाव विचारते, कारण ते सांगायला पत्र उघडावंच लागतं. गेल्या वेळी त्या प्रश्नाला नवरीचं उत्तर आलं ते असं: ‘माझ्या भावाचं नाव टाका. आणि रॉ नको, पण सलग समारंभात आजीचं बोलणं कापू नका, ती मधे खूप वेळ थांबते.’ तिच्या लग्नाच्या फोल्डरमधली पहिली चिठ्ठी तीच आहे.